स्वागताचा पहिला मेल पोहोचतो, पुढचे गळतात: आठवड्याच्या मालिकेतला बिघाड कसा शोधायचा

लक्षण असं असतं. नवीन वाचक नाव नोंदवतो आणि मिनिटाभरात त्याला स्वागताचा मेल येतो. पुढच्या आठवडाभरात आणखी चार मेल यायचे असतात: ब्लॉग कशाबद्दल आहे, वाचायला कुठून सुरुवात करावी, लोकांना सर्वांत उपयोगी पडलेले लेख कोणते. त्यातले काही येतात, काही येत नाहीत. एक वाचक म्हणतो तिसरा आला नाही, दुसरा म्हणतो पाचवा. मेल पाठवणाऱ्या सेवेच्या अहवालात मात्र सगळ्यांसमोर 'डिलिव्हर्ड' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मग आपण तिसऱ्या मेलचा विषय बदलतो, 'मोफत' हा शब्द काढून टाकतो, चित्रं लहान करतो. थोडे दिवस कुणी काही बोलत नाही. नंतर पुन्हा कुणाचा तरी निरोप येतो की मेल थांबले.

आधी त्या 'डिलिव्हर्ड'चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला नाही, एवढंच तो शब्द सांगतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने पार्सल घेतलं, ते वर घरात पोहोचलं की तळमजल्यावरच्या अडगळीत पडलं, हे त्याच्या वहीवरून कळत नाही. स्पॅममध्ये गेलेला मेलही 'डिलिव्हर्ड'च असतो.

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावरही इथे फार भिस्त ठेवता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं, तेव्हापासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर वाचकाने मेल पाहिला नसला तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि अहवालात 'उघडला' अशी नोंद होते. उलट चित्रं बंद ठेवून मेल वाचणारा माणूस तुमच्या हिशेबात कधीच येत नाही. त्यापेक्षा लेखांच्या दुव्यांवर झालेले क्लिक पाहा, आणि शक्य असेल तर जीमेल, आउटलुक, याहू असे वेगवेगळे करून पाहा. बाकी ठिकाणी क्लिक येताहेत आणि फक्त जीमेलवाल्यांचे एका दिवसापासून आटले, तर संशय कुठे घ्यायचा ते कळलं.

आधी ठरवा: गळती तारखेला सुरू झाली की क्रमांकाला?

माझ्या मते सगळ्या शोधाची किल्ली या प्रश्नात आहे आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. मालिका म्हटली की डोक्यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक असतात. वाचकही क्रमांकच सांगतो. पण दर वाचकाची मालिका वेगळ्या दिवशी सुरू झालेली असते. त्यामुळे एका ठरावीक दिवशी काही बिघडलं, तर एकाचा पाचवा मेल गळतो, दुसऱ्याचा चौथा आणि तिसऱ्याचा दुसराच. प्रत्येकाची तक्रार निराळी वाटते. प्रत्यक्षात बिघाड एकच असतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातल्या एका ओळखीच्या ताईंचा गच्चीवरच्या बागेबद्दलचा ब्लॉग आहे. खरा पत्ता इथे देत नाही, समजा तो `gacchibaug.example` आहे. त्यांची मालिका पाच मेलची: नोंदणीच्या दिवशी पहिला, मग त्यानंतरच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी एकेक. पहिला मेल त्यांची वेबसाइट स्वतःच पाठवते, म्हणजे नोंदणीचा फॉर्म भरला की होस्टिंगच्या सर्व्हरवरून तो निघतो. उरलेले चार मेल मालिका पाठवणाऱ्या एका मेल-सेवेकडून जातात. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन वाचकांनी तक्रार केली. एकाने ३ जुलैला नाव नोंदवलं होतं, त्याला पाचवा मेल मिळाला नाही. दुसऱ्याने ६ जुलैला नोंदवलं, त्याला तीन मिळाले आणि चौथ्यापासून बंद. तिसरीने ९ जुलैला नोंदवलं, तिला स्वागताचा सोडून एकही नाही. ताईंनी साहजिकच तीन वेगवेगळे मेल उघडून त्यांच्या मजकुरात दोष शोधायला घेतला.

आता क्रमांक बाजूला ठेवून तारखा मांडा. पहिल्याचे मेल ३, ४, ६, ८ आणि १० जुलैला जायचे होते. १० तारखेचा हरवला. दुसऱ्याचे ६, ७, ९, ११, १३. हरवले ११ पासूनचे. तिसरीचे ९, १०, १२, १४, १६. हरवले १० पासूनचे. म्हणजे ९ तारखेपर्यंत निघालेला प्रत्येक मेल पोहोचला आणि १० पासून सेवेकडून निघालेला एकही पोहोचला नाही. मजकुराचा यात काही संबंध नाही. ९ आणि १० जुलैच्या मध्ये काहीतरी बदललं. ताईंना विचारलं तर उत्तर तयार होतं: ८ तारखेला रात्री वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली, जुन्याचं नूतनीकरण महाग पडत होतं म्हणून.

तुमच्याकडे तक्रारी आल्या की असाच कागद करा. वाचकाची नोंदणीची तारीख, शेवटचा मिळालेला मेल कोणता, आणि तो कुठल्या तारखेला निघाला. तीन-चार ओळी पुरतात. सगळ्यांची गळती एका तारखेपासून असेल तर दोष पाठवण्याच्या वाटेत आहे. सगळ्यांची गळती एकाच क्रमांकावर असेल, कोणी कधीही नाव नोंदवलेलं असो, तर दोष त्या मेलमध्ये किंवा मालिकेच्या मांडणीत आहे. या दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत.

तारखेचा बिघाड: मेलचा मथळा वाचा

यासाठी एक हरवलेला मेल हातात हवा. वाचकाला स्पॅम फोल्डर बघायला सांगा. जीमेलमध्ये तिथला मेल तीस दिवस राहतो. संगणकावर तो मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांमध्ये `Show original` निवडलं की मेलचा मथळा, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदी, दिसतात. वाचकाला हे जमणार नसेल तर स्वतः नवं जीमेल खातं काढून नाव नोंदवा. ताईंच्या दुसऱ्या मेलमध्ये असं होतं:

```
Authentication-Results: mx.google.com;
  dkim=temperror (no key for signature) header.i=@gacchibaug.example;
  spf=pass smtp.mailfrom=bounce.seva.example;
  dmarc=fail (p=QUARANTINE) header.from=gacchibaug.example
```

चारच ओळी आहेत, पण गोष्ट पूर्ण आहे. शेवटच्या ओळीतलं `header.from` म्हणजे वाचकाला दिसणारा पाठवणाऱ्याचा पत्ता, तो ताईंच्या डोमेनचा. एसपीएफ, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावेत याची नोंद, 'पास' आहे, पण कुणासाठी? `bounce.seva.example`साठी, म्हणजे मेल-सेवेच्या स्वतःच्या डोमेनसाठी. एसपीएफची तपासणी दिसणाऱ्या पत्त्यावर होत नाही. मेल परत आला तर जिथे जायचा त्या लिफाफ्यावरच्या पत्त्यावर होते, आणि तो बहुतेक सेवा आपला घालतात. इथेच लोक फसतात. हिरवा 'पास' दिसला की एसपीएफचं काम झालं असं समजतात. डीमार्क म्हणजे न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं हा डोमेनच्या मालकाने ठेवलेला नियम, आणि त्याला मात्र पास झालेलं डोमेन आणि दिसणारं डोमेन जुळायला हवं असतं. एसपीएफ किंवा डीकिम, म्हणजे डोमेनच्या नावाने मेलवर केलेली डिजिटल सही, यांपैकी एक जुळून पास झालं तरी डीमार्क समाधानी असतो. इथे एसपीएफ जुळत नाही, म्हणजे सगळा भार डीकिमवर.

आणि डीकिम म्हणतंय `no key for signature`. सेवेने मेलवर ताईंच्या डोमेनच्या नावाने सही केली आहे. ती सही पडताळायची किल्ली त्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे डोमेनबद्दलची माहिती जगाला देणाऱ्या यादीत, असायला हवी, आणि जीमेलने तिथे जाऊन पाहिलं तर किल्लीच नाही. कधी `temperror` दिसतं, कधी `permerror`. कंसातले शब्द महत्त्वाचे. ताईंनीच पूर्वी डीमार्कमध्ये `p=quarantine` लिहून ठेवलं होतं, त्याचा अर्थ 'माझ्या नावाने आलेला पण न जुळणारा मेल संशयित धरा'. जीमेलने त्यांचं ऐकलं.

स्वागताचा पहिला मेल का पोहोचत होता, हेही यातून उलगडतं. तो होस्टिंगच्या सर्व्हरवरून निघतो, त्याचा लिफाफ्यावरचा पत्ता ताईंच्याच डोमेनचा आहे, आणि नव्या होस्टिंगवाल्यांच्या पॅनेलने आपल्या सर्व्हरची एसपीएफ नोंद आपणहून घातली होती. त्यामुळे एसपीएफ पास आणि जुळणारं. दोन वाटा, त्यातली एक तुटलेली.

किल्ली गेली कुठे

होस्टिंग बदलताना ताईंनी डोमेनचे नेमसर्व्हरही बदलले. डीएनएसच्या नोंदी डोमेनच्या मागे आपोआप जात नाहीत, त्या नेमसर्व्हरजवळ असतात. जुन्या पॅनेलमधून नव्यात नोंदी हाताने उतरवताना त्यांनी डीमार्कची टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर ठेवणारी, नोंद घेतली, म्हणून डीमार्क शाबूत राहिला. पण डीकिमच्या दोन सीनेम नोंदी, म्हणजे किल्ली सेवेकडे कुठे आहे ते दाखवणाऱ्या, यादीत खाली होत्या, त्या राहून गेल्या.

हे शोधताना एक चकवा हमखास लागतो. जुनं पॅनेल अजून उघडतं आणि त्यात सगळ्या नोंदी व्यवस्थित दिसतात. माणूस तिथे बघतो, म्हणतो 'सगळं तर आहे', आणि पुन्हा मेलच्या मजकुराकडे वळतो. त्या पॅनेलला आता जगात कुणी काही विचारत नाही. म्हणून पॅनेल न बघता बाहेरून विचारा. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनलमध्ये:

```
dig +short NS gacchibaug.example
dig +short CNAME k1._domainkey.gacchibaug.example
dig +short TXT _dmarc.gacchibaug.example
```

विंडोजवर `nslookup -type=CNAME k1._domainkey.gacchibaug.example` चालतं. `k1` हे माझ्या उदाहरणातलं नाव. तुमच्या मेलमध्ये `DKIM-Signature`च्या ओळीत `s=` नंतर जे असेल ते घाला. पहिली आज्ञा आत्ता खरे नेमसर्व्हर कोणते ते सांगते. दुसरीला काहीच उत्तर आलं नाही तर किल्ली नाही; मात्र तुमच्या सेवेने डीकिमसाठी सीनेमऐवजी टीएक्सटी नोंद दिली असेल तर तिथे `CNAME`च्या जागी `TXT` लिहा.

नेमसर्व्हर बदलले ८ तारखेला आणि मेल हरवू लागले १० पासून, हा दोन दिवसांचा फरक का? कारण जगभरचे डीएनएस सर्व्हर जुनं उत्तर काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतात. नेमसर्व्हरच्या बाबतीत हा काळ ४८ तासांपर्यंत असू शकतो. तेवढा वेळ सगळं ठीक चालतं. त्यामुळे 'साइट हलवल्यावरही दोन दिवस मेल जात होते, म्हणजे त्याचा संबंध नाही' हा तर्क इथे चुकीचा ठरतो.

दुरुस्ती तशी लहान आहे. सेवेच्या डोमेन-पडताळणीच्या पानावर त्या नोंदी पुन्हा दिसतात; तिथून कॉपी करून नव्या पॅनेलमध्ये घालायच्या. यात दोन ठिकाणी घोळ होतो. पुष्कळ पॅनेल नावापुढे डोमेन आपणच जोडतात. तुम्ही `k1._domainkey.gacchibaug.example` असं पूर्ण लिहिलंत तर नोंद `k1._domainkey.gacchibaug.example.gacchibaug.example` अशी होते आणि पडद्यावर ते लगेच लक्षात येत नाही. तिथे फक्त `k1._domainkey` लिहायचं. दुसरं, डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर या सीनेम नोंदीसमोरचा ढग नारिंगी नको, करडा हवा. नारिंगी असताना बाहेरच्याला सीनेमच्या जागी क्लाउडफ्लेअरचा आयपी पत्ता मिळतो आणि किल्ली सापडत नाही. नोंद घातल्यावर वरची आज्ञा पुन्हा चालवा. उत्तर आलं की नव्या खात्याने पुन्हा नाव नोंदवा आणि दुसऱ्या मेलचा मथळा पाहा: `dkim=pass`, समोर तुमचं डोमेन, आणि `dmarc=pass`.

होस्टिंग बदलताना याच्या अगदी उलट लक्षणही दिसतं: पुढचे चार मेल पोहोचतात आणि स्वागताचाच गळतो. जुन्या पॅनेलमधली एसपीएफ नोंद उतरवली आणि नव्याने आपलीही घातली, अशा दोन नोंदी झाल्या की हे होतं.

```
v=spf1 a mx include:june-hosting.example ~all
v=spf1 a mx include:nave-hosting.example ~all
```

एका नावावर एसपीएफची एकच नोंद असावी असा नियम आहे. दोन असल्या तर दोन्ही निकामी, उत्तर `permerror`. जुनी काढून टाका. दोन्ही सर्व्हर लागणार असतील तर दोन्ही `include` एकाच ओळीत घ्या.

मग हा बिघाड वारंवार का येतो? कारण तो दुरुस्त केलेला टिकतो, पण त्याचं कारण दर वर्षी-दोन वर्षांनी परत येतं. होस्टिंगची मुदत संपते, नवी स्वस्त योजना दिसते, कुणीतरी वेबसाइट 'फास्ट' करून देतो म्हणून डीएनएस दुसरीकडे नेतो, मेल पाठवणारी सेवा बदलते. ज्याने साइट हलवली त्याला पानं उघडली की काम संपलं. मेल हरवतात हे कळायला आणखी आठवडा जातो, तोपर्यंत बदल कुणाच्या लक्षात नसतो. म्हणून मी प्रत्येकाला डीएनएसच्या सगळ्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगतो, तारखेसह. साइट हलवणाऱ्याच्या हातात पासवर्डबरोबर ती फाइलही द्यायची, आणि हलवल्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या आज्ञा चालवायच्या. पहिल्या दिवशी नको. साठवलेल्या उत्तरांमुळे तेव्हा सगळं बरोबरच दिसतं.

पाठवण्याचा पत्ता `@gmail.com`चा ठेवून सेवेमार्फत मालिका पाठवणाऱ्यांना हे सगळं करताच येत नाही, कारण जीमेलच्या डीएनएसमध्ये तुम्ही किल्ली ठेवू शकत नाही. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे किमान एसपीएफ किंवा डीकिम हवं. दिवसाला पाच हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे दोन्ही हवीत, वर डीमार्क हवा आणि एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी. दुसऱ्या सेवेवरून जीमेलचा पत्ता वापरू नका असंही त्यात स्पष्ट आहे. काही सेवा असा पत्ता परस्पर बदलून स्वतःचा लावतात. मग मेल जातो, पण वाचकाला अनोळखी पत्ता दिसतो. साधं डोमेन घेणं हाच यावर इलाज आहे.

क्रमांकाचा बिघाड

आता दुसरी शक्यता. कुणीही कधीही नाव नोंदवलं तरी दुसऱ्यापासून पुढचे मेल 'येतच नाहीत'. मथळे पाहिले तर सगळं पास. अशा वेळी मी सर्वांत आधी विषयाच्या ओळी बघतो. पाचही मेलचा विषय 'गच्चीवरच्या बागेत तुमचं स्वागत' असा एकच असेल तर मेल हरवलेलेच नसतात. जीमेल एकाच पाठवणाऱ्याचे, त्याच विषयाचे, आधीच्यापासून आठवड्याच्या आत आलेले मेल एकाच संभाषणात गुंफतं. आठवड्याची मालिका त्या अटीत नेमकी बसते. वाचकाला यादीत एकच ओळ दिसते, नावापुढे बारीक आकडा असतो. त्याने ती ओळ पहिल्या दिवशी वाचलेली असते, त्याला ती ओळखीची वाटते आणि तो पुढे सरकतो. ज्याने ती उघडली त्यालाही त्रास होतोच, कारण आधीच्या मेलमध्ये होता तोच मजकूर पुन्हा आला की जीमेल तो तीन ठिपक्यांमागे दडवतं. प्रत्येक मेलची सुरुवात त्याच परिचयाच्या परिच्छेदाने होत असेल तर नवा भाग शोधावा लागतो.

इलाज मजकुराचा आहे आणि तो केल्याने मालिका सुधारतेच. प्रत्येक मेलला त्यातल्या लेखाचा विषय द्या. 'बादलीत टोमॅटो: किती माती, किती ऊन', 'स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत, वास न येता', 'कढीपत्ता वाढत का नाही'. ब्लॉगचं नाव विषयात घालायची गरज नाही, ते पाठवणाऱ्याच्या नावात असतंच. मात्र तिथे पाचही मेलवर तेच नाव ठेवा. पहिल्या मेलवर 'गच्चीवरची बाग' आणि सेवेकडून जाणाऱ्यांवर नुसतं 'इन्फो' असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. हे 'इन्फो' कोण, असं म्हणून वाचक स्पॅमचं बटण दाबतो. गुगलच्या नियमात अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहाव्यात असं आहे आणि ०.१ च्या आत असणं चांगलं. यादी लहान असेल तर दोन-तीन बटणांनीच हिशेब बिघडतो.

विषय वेगळे आहेत तरी मालिका एका ठरावीक मेलवर थांबते, असं असेल तर सेवेतला मालिकेचा आराखडा उघडा आणि त्या मेलच्या आधी कुठली अट बसली आहे ते पाहा. 'आधीचा मेल उघडला असेल तरच पुढचा पाठवा' ही अट तयार नमुन्यांमध्ये असू शकते. वर सांगितलं तसं, चित्रं बंद ठेवणारा वाचक कधीच 'उघडला'च्या नोंदीत येत नाही, म्हणून तो दुसऱ्या मेलपाशी कायमचा अडकतो. आराखड्यात त्या पायरीसमोर थांबलेल्यांची संख्या वाढत गेलेली दिसेल. ओळख करून देणाऱ्या मालिकेत अशी अट ठेवूच नये; ती नुसती दिवसांवर चालू द्या.

कधी काही बिघडलेलंच नसतं. 'फक्त कामाच्या दिवशी' अशी खूण असेल तर शुक्रवारी नाव नोंदवणाऱ्याचा दुसरा मेल सोमवारी जातो आणि तोपर्यंत त्याने तक्रार लिहिलेली असते. खात्याची वेळ न्यूयॉर्कची राहिली असेल तर सकाळी नऊचा मेल इथे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला पोहोचतो. प्रमोशन्सच्या टॅबबद्दलही लोक विचारतात. तो इनबॉक्सचाच भाग आहे, स्पॅम नाही. त्यातून निसटायच्या युक्त्यांमध्ये वेळ घालवू नये असं माझं मत आहे. पहिल्याच मेलमध्ये वाचकाला एखादा खरा प्रश्न विचारून उत्तर मागितलं, की 'तुमच्याकडे ऊन किती तास येतं?', तर काही जण उत्तर पाठवतात आणि बागेबद्दल आपल्यालाही काही कळतं. बस.

तपासणी खोटी निघते ती अशी

सेवेतलं 'टेस्ट मेल पाठवा' हे बटण दाबून सगळं ठीक आहे असं ठरवू नका. ते मालिकेतल्या दिवसांच्या आणि अटींच्या पायऱ्या वगळून थेट एक मेल पाठवतं, कधी विषयाला 'टेस्ट' असं जोडूनही. तुमचं रोजचं खातंही साक्षीदार म्हणून कमकुवत आहे, कारण तुम्ही त्या पत्त्याचे मेल शेकडो वेळा उघडले आहेत आणि जीमेल तुमची ती सवय ओळखतं. एक नवं जीमेल खातं, एक आउटलुकचं, एक याहूचं ठेवा आणि बाहेरच्या वाचकासारखं वेबसाइटवरचा फॉर्म भरून नाव नोंदवा. आठवडाभर थांबायचं नसेल तर मालिकेची प्रत काढून दिवसांच्या जागी मिनिटं टाका. त्या प्रतीला वेगळा फॉर्म जोडा, नाहीतर खऱ्या वाचकांना अर्ध्या तासात पाच मेल जातील.

ज्यांचे मेल हरवले त्यांचं काय करायचं

दुरुस्ती झाली की सगळ्यांना राहिलेले मेल एकदम पाठवायचा मोह होतो. तो टाळा. डोमेनचे मेल नुकतेच स्पॅममध्ये जात होते. त्याच दिवशी त्याच लोकांना तीन-तीन मेल गेले तर तक्रारी वाढतात. सेवेत नोंदणीच्या तारखेनुसार लोक गाळता येतात. ताईंच्या बाबतीत सातव्या दिवसाचा मेल १० जुलैला किंवा त्यानंतर जायचा होता असे सगळे, म्हणजे ३ जुलैपासून नाव नोंदवलेले. आधी त्यांतल्या ज्यांनी गळतीच्या काळात सेवेकडून निघालेल्या मेलमधल्या कुठल्याही दुव्यावर क्लिक केलं आहे त्यांना वगळा; त्यांना मेल मिळत होते. उरलेल्यांना पुन्हा मालिका नको, एकच मेल पुरे. 'मागच्या काही दिवसांत आमचे काही मेल स्पॅममध्ये गेले असावेत. ते तिथे दिसले तर "स्पॅम नाही" असं करा' ही दोन वाक्यं आणि खाली राहिलेल्या लेखांचे दुवे. यादी मोठी असेल तर हा मेल दोन-तीन दिवसांत विभागून पाठवा आणि पहिल्या दिवशीचे क्लिक जीमेलकडून येताहेत का ते बघून पुढचा गट सोडा.

लेखांचे दुवे पाठवण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. ताईंची साइट हलवताना जुन्या लेखांचे देवनागरी पत्ते बदलले होते आणि 'कढीपत्ता वाढत का नाही' हा त्यांचा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख ४०४ दाखवत होता.